तक्रारीचं पान मराठीत करताना

गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत पॅकिंग लाइनवरच्या बायकांसाठी एचआर पॉलिसी मराठीत केली, त्यात अडलं ते लैंगिक छळाच्या पानावर. इंग्रजीत होतं, तक्रार लेखी द्यावी, तेच सोप्या मराठीत वाचून दाखवलं नि विचारलं, मावशी, असं झालं तर काय कराल? "लिहूक येत नाय, गप्प बसायचं." अहो पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातच आहे की लिहिता येत नसेल तर कंपनीतल्या तक्रार समितीने लिहायला मदत करायचीच, हँडबुकात ते नव्हतंच! एचआरकडून मंजूर करून घेतलं आणि वरच टाकलं: "घडल्यापासून 3 महिन्यांत सांगा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, समिती लिहून घेईल, तुम्हाला वाचून दाखवेल, मग सही किंवा अंगठा." खाली, उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी 3 महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. परत विचारलं तेव्हा मावशींनी कुणाकडे जायचं ते बरोबर सांगितलं.