बझरवर सूर वाजवताना या चुका टाळा

टायमरने पिन टॉगल करून बझरवर सूर काढायचा प्रोग्रॅम जेमतेम दहा-बारा ओळींचा असतो, पण पहिल्या झटक्यात तो क्वचितच सुरात वाजतो. काय बिघडलंय ते मात्र बरेचदा कानानेच ओळखता येतं. पूर्ण शांतता, एक सप्तक खाली वाजणं, वरचे स्वर बेसूर होणं, मध्येच 'टक्' होणं: यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. खालची उदाहरणं १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा३२८पी चिपची, म्हणजे आर्डुइनो उनोवरच्या चिपची आहेत. वापरलाय तो टायमर १, आणि बझर आहे OC1A वर, म्हणजे बोर्डाच्या ९ नंबरच्या पिनवर.

आधी बझर कोणता ते बघा

बझरला थेट ५ व्होल्ट द्या. सलग बीप आला तर तो ॲक्टिव्ह बझर. त्याच्या आत स्वतःचा ऑसिलेटर असतो, त्यामुळे तुम्ही कितीही फ्रिक्वेन्सी बदला, त्याचा स्वतःचाच आवाज मध्ये घुसणार. जोडताना आणि काढताना नुसतं 'टक्' झालं तर तो पॅसिव्ह. सुरांसाठी हाच लागतो. जोडणी तपासण्यापुरतीच करा, कारण पॅसिव्ह बझर कॉइलचा असेल तर सलग करंटने तापतो.

कॉइलचा बझर थेट पिनला लावू नका. १६ ओमची कॉइल ५ व्होल्टवर ३०० मिलीॲम्पिअरच्या आसपास ओढू पाहते आणि पिनची कमाल मर्यादा ४० आहे. मध्ये एनपीएन ट्रान्झिस्टर घाला, बेसला ४७० ओम द्या आणि कॉइलला उलटा डायोड लावा, पट्ट्याची बाजू ५ व्होल्टकडे. पिझो बझरला हे काही लागत नाही, सिरीजमध्ये १००-२०० ओम पुरे.

एक सप्तक खाली वाजतंय

४४० हर्ट्झ हवेत म्हणून सेकंदाला ४४० वेळा पिन टॉगल केली, तर ऐकू येतात २२०. एका पूर्ण आवर्तनात पिन एकदा वर जाते आणि एकदा खाली येते, म्हणजे टॉगल दोन लागतात. म्हणून OCR1A, म्हणजे टायमरने कुठवर मोजायचं तो आकडा, काढायच्या सूत्रात २ असतोच:

```
OCR1A = F_CPU / (2 * prescaler * freq) - 1
```

प्रीस्केलर, म्हणजे टायमरकडे जाणारं क्लॉक जितक्याने भागायचं तो आकडा, ८ धरून ४४० साठी भागाकार येतो २२७२.७३. पूर्णांक भागाकार पुढचा अपूर्णांक कापून टाकतो, म्हणून आधी जवळच्या पूर्णांकात आणायचं, २२७३, आणि मग एक वजा करायचा, कारण टायमर शून्यापासून मोजतो. OCR1A मध्ये जातात २२७२ आणि प्रत्यक्ष सूर येतो ४३९.९५ हर्ट्झचा. हा फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही.

सूर एका ऐवजी चार सप्तकं खाली, २७.५ हर्ट्झवर, नुसता फटफटत असेल तर सूत्र बरोबर आहे, क्लॉक चुकलंय. कोरी चिप कारखान्यातून ८ मेगाहर्ट्झच्या आतल्या ऑसिलेटरवर, तेही ८ ने भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर येते. F_CPU मध्ये १६ मेगाहर्ट्झ लिहून चिपचा वेग वाढत नाही, चिपमधले क्लॉक ठरवणारे सेटिंगचे बिट, म्हणजे फ्यूज, बदलावे लागतात.

वरचे स्वर बेसूर

खालचे स्वर ठीक आणि वर जावं तसं बिघडत गेलं, तर टायमरची पायरी फार मोठी आहे. ८ बिटच्या टायमरवर प्रीस्केलर १०२४ ठेवून ४४० काढायला गेलात तर भागाकार येतो १७.७६. तो १८ केला की मिळतात ४३४ हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ पाव अर्धस्वर खाली. एकटा वाजवला तर चालून जाईल, गाण्यात खटकतो. १६ बिटच्या टायमर १ वर प्रीस्केलर ८ ठेवला की साधारण १५ हर्ट्झपासून वरचं सगळं बसतं. गाण्यासाठी आमची पसंती कायम यालाच आहे, स्वरागणिक प्रीस्केलर बदलायची भानगडच उरत नाही.

काहीच वाजत नाही

ही चूक सर्वांत जास्त वेळ खाते, कारण कोड वाचताना तो अगदी बरोबर दिसतो. आर्डुइनोचा सुरुवातीचा कोड तुमच्या `setup()` च्या आधीच टायमर १ पीडब्ल्यूएमसाठी लावून ठेवतो: WGM10 चालू आणि प्रीस्केलर ६४. तुम्ही `|=` वापरून WGM12 आणि CS11 घातले की जुने बिट तसेच राहतात. WGM12 आणि WGM10 मिळून ८ बिटचा फास्ट पीडब्ल्यूएम होतो, आणि त्या मोडमध्ये COM1A0 एकटा असेल तर OC1A पिनपासून तुटलेलाच राहतो. म्हणून थेट `=` वापरा:

```c
void note_on(uint16_t freq) {
  TCCR1A = _BV(COM1A0);
  TCCR1B = _BV(WGM12);
  OCR1A = (F_CPU / 16 + freq / 2) / freq - 1;
  TCNT1 = 0;
  TCCR1B = _BV(WGM12) | _BV(CS11);
}

void note_off(void) {
  TCCR1B = 0;
  TCCR1A = 0;
  PORTB &= ~_BV(PORTB1);
}
```

`setup()` मध्ये `DDRB |= _BV(DDB1);` हवंच, नाहीतर टायमर आतल्या आत टॉगल करत राहील आणि पिन इनपुटच असेल. क्रमही असाच ठेवा. पीडब्ल्यूएम मोडमध्ये OCR1A मध्ये लिहिलेला आकडा लगेच लागू होत नाही, तो बफरमध्ये थांबतो. म्हणून आधी मोड बदलायचा, मग आकडा लिहायचा. `note_off` मधली शेवटची ओळ गाळू नका. टायमर सुटल्यावर पिन PORTB मध्ये असेल त्या पातळीवर जाते. ती वर राहिली तर कॉइलमधून करंट वाहतच राहतो.

स्वर बदलताना मध्येच 'टक्'

वरच्या कोडमध्ये `TCNT1 = 0` आहे ते यासाठी. ४४० वाजत असताना मोजणी ० ते २२७२ फिरते आहे. तेवढ्यात ८८० साठी OCR1A मध्ये ११३५ लिहिले. वरच्या कोडमधल्या सीटीसी मोडमध्ये, म्हणजे OCR1A गाठला की मोजणी शून्यावर आणणाऱ्या मोडमध्ये, हा आकडा तत्क्षणी लागू होतो. त्या वेळी मोजणी समजा १८०० वर असेल, तर ११३५ मागे पडलेला आहे. टायमर आता थेट ६५५३५ पर्यंत जाऊन शून्यावर येईल, आणि सेकंदाला २० लाख मोजणीच्या वेगाने त्याला जवळपास ३२ मिलिसेकंद लागतील. तेवढा वेळ बझर मुका.

ओळखायची खूण सोपी आहे: हा 'टक्' खालच्या स्वरावरून वर जातानाच येतो, उतरताना कधीच नाही, आणि चढतानाही दरवेळी येत नाही. ४४० वरून ८८० ला जाताना निम्म्या वेळा तरी येईल. त्यामुळे अनेकजण वायरिंग हलवत बसतात.

लय बिघडते

स्वराची लांबी टॉगलच्या संख्येने ठरवली की वरचे स्वर आपोआप आखूड होतात. २०० टॉगलला ४४० वर २२७ मिलिसेकंद लागतात, ८८० वर ११४. लांबी `millis()` ने मोजा, ते टायमर ० वर चालतं आणि इथे त्याला धक्का लागत नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा आला की ते चिकटून एकच लांब स्वर होतो, म्हणून प्रत्येक स्वराच्या शेवटच्या दहाव्या भागात `note_off` करा.

सगळं बरोबर असूनही काही स्वर मोठे आणि काही बारीक ऐकू आले तर कोडमध्ये शोधू नका. पिझोची चकती तिच्या रेझोनन्सजवळ, बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झच्या मध्ये, सर्वांत जोरात वाजते आणि खाली तिचा आवाज पडतो. गाणं एक-दोन सप्तकं वर नेऊन बघा. त्यानेही जमत नसेल तर छोटा स्पीकर लावा, अर्थात ट्रान्झिस्टरमधूनच.