कललेलं क्षितिज सरळ करताना: कोन मोजा, मग कोपरे कापा

फोटो स्टुडिओत किंवा अल्बमच्या कामाला नव्याने लागलेल्या मुलांकडे पहिल्याच आठवड्यात येणारं काम म्हणजे समुद्रावरचे फोटो. माणसं छान हसतायत, उजेड छान पडलाय, आणि मागचा समुद्र मात्र एका बाजूला ओतल्यासारखा. बहुतेक जण स्लायडर धरून इकडेतिकडे सरकवतात आणि डोळ्यांना बरं वाटलं की थांबतात. डोळा इथे फसतो. माणसं किंचित कलून उभी असतील, वाळूचा उतार एका बाजूला असेल, तर नजर त्यांच्याशी तडजोड करते आणि अर्धा-पाऊण अंशाची चूक तशीच राहते. मोठी प्रत छापून आली की तीच आधी दिसते. म्हणून कोन मोजायचा आणि आकडा टाकून फोटो फिरवायचा.

आधी संदर्भरेषा निवडायची. समुद्राचं क्षितिज, म्हणजे पाणी आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ, हा आडव्याचा पक्का पुरावा. किनाऱ्याची रेघ मात्र नव्हे. लाटांचा फेस वाळूवर जिथे संपतो ती ओळ कॅमेऱ्यापासून दूर जात असते, त्यामुळे फोटोत ती तिरकीच दिसायला हवी. ती आडवी केली की अख्खा समुद्र वाकडा होतो. हीच गोष्ट नदीच्या पलीकडच्या काठाची आणि डोंगररांगेची. क्षितिज नसेल तर उभी रेघ शोधावी: दाराची चौकट, भिंतीचा कोपरा, विजेचा खांब. गवंड्याचा ओळंबा जिथे जुळेल अशी कोणतीही कड चालते. पण ती फोटोच्या मध्याजवळची घ्यावी. वाइड लेन्स वर किंवा खाली वळवून काढलेल्या फोटोत कडेच्या इमारती आत किंवा बाहेर झुकतात. तो दोष दृष्टिकोनाचा असतो, फोटो फिरवून जात नाही. डावीकडची भिंत सरळ केली की उजवीकडची दुप्पट कलते.

आता एक फोटो घेऊ. तारकर्लीच्या किनाऱ्यावर चार जणांचं कुटुंब, फोटो ६००० × ४००० पिक्सेल, म्हणजे नेहमीचा ३:२ आकार. GIMP या फोटो दुरुस्तीच्या प्रोग्राममध्ये उघडला. क्षितिजावर डावीकडे एक बिंदू बघितला तर खिडकीच्या खालच्या पट्टीत आकडा दिसतो १००, १५१०. उजव्या टोकाला ५९००, १७१३. पहिला आकडा डावीकडून मोजलेला, दुसरा वरून खाली. आडवं अंतर ५८००, उभा फरक २०३. फरकाला अंतराने भागून ५७.३ ने गुणलं की अंश मिळतात: २०३ ÷ ५८०० × ५७.३, म्हणजे जवळपास २.०. ध्यानात ठेवायला सोपं असं की हजार पिक्सेलमागे साडेसतरा पिक्सेलचा उतार म्हणजे एक अंश. बिंदू शक्य तितके लांबलांब घ्यावेत. पाचशे पिक्सेलच्या तुकड्यावर मोजलं आणि हात चार पिक्सेलनी चुकला, तर कोन जवळजवळ अर्ध्या अंशाने चुकतो. तेच चार पिक्सेल ५८०० वर नगण्य.

हिशोब नको असेल तर Measure हे साधन आहे, Shift+M. क्षितिजावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलं की कोन खाली दिसतो, आणि साधनाच्या पर्यायांत Straighten बटण आहे. तरीही एकदा आकडा वाचून घ्यावा. २ अंशांचा फोटो आणि ७ अंशांचा फोटो यांचं पुढचं काम सारखं नसतं, आणि ते का हे कोपऱ्यांपाशी आल्यावर कळेल.

फिरवण्याची दिशा चुकली तर कल दुप्पट होतो, हे दिसतंच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. इथे उजवं टोक खाली आहे, म्हणून फोटो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. Rotate साधन (Shift+R) घेऊन फोटोवर क्लिक करा, Angle मध्ये -2 लिहा. GIMP मध्ये अधिक कोन घड्याळाच्या दिशेने जातो, उणे उलट. Interpolation ला None ठेवू नये, नाहीतर क्षितिजाची रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. Cubic किंवा NoHalo चांगलं. Clipping सध्या Adjust असू द्यावं, कोपऱ्यांचं काय होतं ते त्यात उघड दिसतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने: फोटो एकदाच फिरवायचा. दीड अंश फिरवला, कमी वाटला, मग आणखी अर्धा, मग पाव उलटा, असं केलं की प्रत्येक वेळी प्रोग्राम शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून नवे पिक्सेल बनवतो. तीन फेऱ्यांनी केसांच्या बटा आणि साडीचं जरीकाम मऊ पडतं. कोन चुकला तर Ctrl+Z करून मूळ फोटोवर बरोबर आकडा टाकावा. वाइड लेन्सचा फोटो असेल आणि क्षितिज धनुष्यासारखं वाकलेलं दिसत असेल, तर आधी लेन्सची दुरुस्ती करावी आणि मग मोजावं, नाहीतर मधला भाग एक कोन सांगतो आणि कडा दुसरा.

फोटो फिरला. आता चारही कडांना पाचरीसारखे रिकामे तुकडे दिसतात, त्यात चौकड्यांचा पट. आयत फिरवला की त्याचे कोपरे जुन्या चौकटीच्या बाहेर जातात आणि चौकटीचे कोपरे उघडे पडतात, यातून सुटका नाही. फिरलेल्या फोटोच्या आत बसेल असा आयत कापून काढायचा. मूळचंच प्रमाण ठेवून सगळ्यात मोठा आयत किती, याचं सूत्र छोटं आहे:

```
s = 1 / (cos θ + (लांब बाजू ÷ आखूड बाजू) × sin θ)
```

आपल्या फोटोत लांब भागिले आखूड १.५, कोन २ अंश, म्हणून s येतो ०.९५०८. दोन्ही बाजूंना याने गुणलं की ५७०५ × ३८०३. कडेचे पिक्सेल अर्धे पारदर्शक असतात, म्हणून थोडं आत येऊन ५७०० × ३८०० घ्यावं, प्रमाणही नेमकं ३:२ राहतं. क्षेत्रफळ जवळपास दहा टक्क्यांनी घटलं. एका अंशाला हेच पाच टक्के, तीन अंशांना चौदा, पाच अंशांना एकवीस. म्हणजे पाच अंश कललेल्या फोटोचा पाचवा हिस्सा कात्रीत जातो. १२ × १८ इंची प्रत ३०० डीपीआयने हवी असेल तर ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. २ अंशांच्या फोटोत ते आरामात बसतात, ५ अंशांच्या फोटोत ५३२४ × ३५४९ उरतात, म्हणजे कमीच. गिऱ्हाइकाला मोठी प्रत कबूल करण्याआधी हे बघावं.

Crop साधन (Shift+C) घ्या, Fixed वर खूण करून Size निवडा, 5700x3800 लिहा, Position मध्ये 150 आणि 100. आयत मधोमध बसतो. Enter.

इथे एक सवलत फार थोड्यांना माहीत असते. मूळचं प्रमाण राखलेला आयत चारही कोपऱ्यांनी अडकत नाही, फक्त समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांनी अडकतो. या फोटोत ते वरचा डावा आणि खालचा उजवा. बाकी दोन कोपऱ्यांशी जागा शिल्लक असते. म्हणून चौकट कलाच्या रेषेत थोडी सरकते: उजवीकडे ८० पिक्सेल नेली तर दोन-तीन पिक्सेल वरही न्यावी लागते, डावीकडे नेली तर तेवढी खाली. डाव्या टोकाला उभ्या आजीचा हात कापला जात असेल, तर एवढ्या सरकण्यानेही तो वाचतो. उभा फरक दोन-तीनच पिक्सेलचा, पण तो विसरलात तर एका कोपऱ्यात केसाएवढी पाचर उरते.

ती पाचर सापडत नाही, हाच खरा त्रास. पांढरट आकाश असेल, JPEG मध्ये पारदर्शकता नसल्याने रिकामी जागा पांढऱ्या रंगाने भरली गेली, आणि स्क्रीनवर पांढऱ्यावर पांढरं दिसतच नाही. कागदावर मात्र कोपऱ्यात कापल्यासारखी तिरपी रेघ उठते. उपाय सोपा: JPEG काढण्याआधी फोटोच्या खाली एक नवा थर घालून त्यात भडक गुलाबी रंग भरा आणि चारही कोपरे १०० टक्के झूमवर बघा. कुठेही गुलाबी झाक असेल तर आयत आणखी पाच-दहा पिक्सेल आत घ्या. मग तो थर काढून टाका.

Clipping मध्ये Crop with aspect निवडलं तर GIMP हा हिशोब स्वतः करतो. पण मग फक्त थर कापला जातो, कॅनव्हास ६००० × ४००० चाच राहतो आणि भोवती रिकामी चौकट दिसते. Image मेनूतलं Fit Canvas to Layers चालवलं की ती जाते. Crop to result हा वेगळा पर्याय, तो मूळचं प्रमाण सोडून सगळ्यात जास्त क्षेत्रफळाचा आयत शोधतो. आपल्या फोटोत तो साधारण ५८७१ × ३७९७ येतो. पिक्सेल जास्त मिळतात, पण ३:२ च्या फ्रेममध्ये छापताना मशीन पुन्हा कडा कापतं किंवा पांढरी पट्टी सोडतं. वेबसाठी चालेल, अल्बमसाठी नको.

कापून पाय किंवा डोकं जातच असेल, तर कापायचं नाही, रिकामा कोपरा भरायचा. आकाश किंवा ओली वाळू असेल तर Clone साधनाने शेजारचा भाग घेऊन पाचर झाकता येते. जिथून रंग घ्यायचा ती जागा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवरची हवी, कारण आकाशाचा रंग वरखाली बदलतो. गर्दी, झाडाच्या फांद्या, नक्षीचा पडदा असं काही कोपऱ्यात असेल तर हा उद्योग करू नये. तिथे कल अर्धाच घालवून पिक्सेल वाचवलेले बरे. दोनाचा एक अंश राहिला तर समुद्रावर दिसेल, खोलीतल्या फोटोत बहुधा नाही.

तिपाईच कललेली होती आणि त्याच जागेवरून वीस-पंचवीस फोटो काढलेत, असं असेल तर प्रत्येकाचा कोन सारखाच असतो. ImageMagick या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्राममध्ये एका फोटोचं काम असं:

```
magick in.jpg -rotate -2 +repage -gravity center -crop 5700x3800+0+0 +repage out.jpg
```

हातात धरून काढलेल्या फोटोंवर ही ओळ सरसकट चालवू नये, त्यांचा कोन दर फोटोला बदलतो. आणि out.jpg च्या जागी in.jpg कधीच लिहू नये: मूळ फाइलवर नवी फाइल बसते आणि कापलेले कोपरे परत मिळत नाहीत.