पंपाच्या लाईनचा सांधा दाबाखाली का सुटतो?

भातकापणी आटोपली की कोकणात आंबा-काजूच्या नव्या कलमांसाठी आणि भाजीपाला, कलिंगडासाठी पाण्याच्या लाईन टाकण्याचे काम सुरू होते. विहीर किंवा पऱ्ह्या खाली आणि टाकी वर कातळावर, अशी आपल्याकडची नेहमीची रचना असल्यामुळे सखल भागातील सांध्यांवर मोठा दाब येतो. टाकी विहिरीपासून 45 मीटर उंचीवर असेल तर पंप बंद असतानाही तळाशी चौरस सेंटीमीटरला सुमारे साडेचार किलो दाब राहतो. 63 मि.मी. पाईप धरला तर वळणावरच्या एल्बोतून पाईप बाहेर ढकलणारा जोर साधारण 140 किलो भरतो, आणि वीज अचानक गेल्यावर मागे फिरणाऱ्या पाण्याचा धक्का त्याहून वेगळा असतो.

हा जोर पेलणारे, पीव्हीसी पाईप जोडण्याचे सोल्युशन डिंकासारखे दोन वस्तूंच्या मध्ये चिकटून बसत नाही. ते पाईपचा व सॉकेटचा पृष्ठभाग किंचित विरघळवते, दोन्ही मऊ थर एकमेकांत मिसळतात आणि त्यातील द्रावक उडून गेल्यावर ते एकजीव होतात. म्हणून सुटलेला सांधा फेकून न देता आतून पाहावा. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत असतील तर सोल्युशन लावल्यावर जोडण्यास उशीर झाला, किंवा पाईपवर ओल, तेल अथवा चिखल होता. थर अजून मऊ व चिकट असेल तर पाणी घाईने सोडले गेले. सोल्युशनचा पट्टा सॉकेटच्या तोंडाशीच असेल आणि आतला भाग कोरा असेल तर पाईप पूर्ण बसलाच नव्हता.

जोडणीपूर्वी पाईप काटकोनात कापावा, कारण तिरक्या कापामुळे एका बाजूला चिकटणारी लांबी कमी पडते. कापलेल्या कडेचा भुसा आतून-बाहेरून काढून बाहेरची धार कानशीने थोडी उतरवावी. धारदार कड सॉकेटमधील सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. त्यानंतर पाईप कोरडाच सॉकेटमध्ये घालून पाहावा. तो एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत सहज जाऊन मग घट्ट लागला पाहिजे. हलक्या हाताने तळापर्यंत जाऊन खुळखुळत असेल तर ती फिटिंग वापरू नये, कारण मोठी फट सोल्युशनने भरून निघत नाही. शेतात पाईप जाळावर तापवून दुसऱ्या पाईपवर चढवण्याची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे: तसे सॉकेट क्वचितच सर्व बाजूंनी सारखे होते, आणि कपलिंगचे वाचलेले पैसे पुढे डिझेल व मजुरीत जातात.

सॉकेटची खोली मोजून पाईपवर पेन्सिलने खूण करावी, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने हलके घासून कोरड्या फडक्याने पुसावेत. सोल्युशनचा पातळ थर सॉकेटमध्ये आणि जरा भरपूर थर पाईपवर लावून, ते ओले असतानाच पाईप खुणेपर्यंत दाबावा, दाबताना पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा, अन्यथा तो मागे सरकतो. कडेला सर्व बाजूंनी सारखी बारीक वळी दिसली पाहिजे. जास्तीचे सोल्युशन पुसून टाकावे. डब्यातील सोल्युशन जेलीसारखे घट्ट झाले असेल तर त्यात थिनर किंवा पेट्रोल न मिसळता नवा डबा घ्यावा. सोल्युशनची वाफ पेट घेते, त्यामुळे काम करताना विडी दूर ठेवावी.

किनाऱ्यावरील दमट हवेत वाळण्याचा वेळ वाढतो. सकाळी पाईपवर दंव असते, शिवाय द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर हवेतील ओल बसते. म्हणून जोडणी दंव सुकल्यानंतर करावी, मात्र कातळावर उन्हात चटका देणारा पाईप आधी सावलीत थंड करावा. सांधा काही मिनिटांत घट्ट वाटतो, पण तो फक्त हाताळण्यापुरता असतो. दाबाच्या लाईनसाठी कोरड्या हवेत 24 तास आणि दमट हवेत दीड दिवस थांबावे. पहिल्यांदा पाणी सोडताना वरचे टोक उघडे ठेवून व्हॉल्व्ह थोडाच उघडावा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. वळणांना आधी आधार द्यावा.

गळणाऱ्या सांध्यावर बाहेरून सोल्युशन फासणे निरुपयोगी आहे. तो भाग कापून नवे कपलिंग टाकावे. जुन्या लाईनमध्ये मात्र वरच्या उतारावरचे पाणी थेंबथेंब येतच राहते, आणि ओल्या पाईपवर चांगला सांधा होत नाही. लाईन सर्वांत खालच्या ठिकाणी उघडून पूर्ण रिकामी करणे शक्य नसेल, तर तेथे सोल्युशनचा हट्ट न धरता रबर रिंग असलेले, नटाने आवळण्याचे दुरुस्ती कपलिंग बसवावे. मात्र ते लाईनचा दाब सोसणारे आहे याची खात्री करून घ्यावी.