रेट ठरवताना काय सांगायचं, काय पोटात ठेवायचं: या चुका टाळा

भोसरीत माझं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असली कामं. बावीस वर्षांत खरेदीवाल्या साहेबांच्या टेबलासमोर इतका बसलोय, की हल्ली शेजारच्या गाळ्यातली पोरं रेट ठरवून परत आली की तोंडावरूनच कळतं काय करून आलेत. काही जण सगळं ओकून येतात, बाकीचे तोंडाला कुलूप लावून. माझा पुतण्या एकाच महिन्यात दोन्ही करून आला.

पेच खरा आहे, तो मी नाकारत नाही. माझी अडचण समोरच्याला सांगितली तरच दोघांच्या फायद्याचा मार्ग निघतो. पण तीच अडचण धरून तो माझा गळाही आवळू शकतो. डेव्हिड लॅक्स आणि जेम्स सेबेनियस या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ मध्ये याची नीट मांडणी केली: दोघं मोकळे बोलले तर दोघांचं भलं, एकटाच बोलला तर तो लुटला जातो, आणि या भीतीनं कुणीच बोललं नाही तर दोघांचं नुकसान. मला हे पुस्तकातून नाही, खिशातून कळलं.

चूक पहिली: मोकळेपणाच्या नादात आपली हद्द सांगून टाकणं

धंद्याला तीन वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकानं आपला पार्ट दुसरीकडे हलवला आणि माझी ६३ टनी प्रेस रिकामी पडली. नव्या कंपनीत एका क्लॅम्पसाठी ११.२० चा रेट देऊन बसलो होतो. मीटिंग संपली, साहेबांनी चहा मागवला आणि सहज विचारलं, "सध्या कामाचं कसं काय?"

मी म्हणालो, "खरं सांगू का साहेब, ६३ टनी दीड महिना उभीच आहे."

दुसऱ्या दिवशी निरोप आला: ९.६० ला करणार का? पत्रा, मजुरी, वीज धरून माझे निव्वळ ९.४० जात होते. मी ९.७५ वर मान डोलावली आणि दोन वर्षं त्या क्लॅम्पला शिव्या देत तो ठोकला. साहेबांचा यात काही दोष नाही. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्यांना किंमत सांगून टाकली, तीही चहा पिताना. मीटिंग संपल्यावरच खरी मीटिंग सुरू होते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता तोच प्रश्न आला की मी म्हणतो, "तुमच्या कामाला जागा करता येईल." हे खोटं नाही. प्रेस रिकामी असेल तरी खरं, भरलेली असेल तरी खरं.

माझ्यापुरती मी माहितीची दोन पोती केली आहेत. एकात माझी गरज: मला काय सोपं जातं, काय जड जातं, कशात वेळ वाया जातो. दुसऱ्यात माझी हद्द: किती खाली उतरेन, हे काम गेलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे, मला किती घाई आहे. पहिलं पोतं थोडं थोडं उघडायचं. दुसऱ्याचं तोंड शिवून टाकायचं.

किमतीच्या फोडीचा तक्ता भरून मागतात तेव्हा पोरं इथंच फसतात. पत्र्याचं वजन, पत्र्याचा भाव, स्क्रॅप हे उघड लिहावं. ते त्यांना तसंही मोजता येतं, आणि उद्या पत्रा महागला तर तीच नोंद आपल्या कामी येते. पण नफ्याच्या रकान्यात १४ टक्के लिहिलं की पुढची सगळी बोलणी त्या १४ वरच होतात. मी प्रक्रियेचा खर्च दर स्ट्रोकप्रमाणे एकच आकडा लिहितो आणि नफा त्यातच धरला आहे, असं स्पष्ट सांगतो. साहेब कुरकुर करतात. करू देत.

चूक दुसरी: तोंडाला कुलूप

ही चूक वरच्या चुकीतून जन्मते. एकदा भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर काही वर्षं ताक पिणंच सोडलं होतं. गिऱ्हाइकाला एक आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. यालाच मी हुशारी समजायचो.

मग एका ब्रॅकेटचं प्रकरण आलं. रेट १८.५०, महिन्याला २४ हजार नग, पेमेंट ६० दिवसांनी. (सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, हे मलाही माहीत आहे. कायदा फाइलीत असतो आणि गिऱ्हाईक समोर.) साहेबांना १७.६० हवे होते, मला एक पैसा सोडायचा नव्हता. तीन महिने नुसती रस्सीखेच.

माझं खरं दुखणं रेटमध्ये नव्हतंच. त्यांचं शेड्यूल आदल्या संध्याकाळी यायचं, म्हणून मी रोज एक हजार नग काढायचो. प्रेसवर डाय, म्हणजे त्या पार्टचा साचा, चढवून पहिला नग तपासून होईपर्यंत दीड तास जायचा आणि हजार नग ठोकायला जेमतेम एक तास चाळीस मिनिटं लागायची. म्हणजे प्रेस जवळपास अर्धा वेळ नुसती सेटिंगमध्ये. तासाला ४५० रुपये धरले तर एका सेटिंगचे ६७५, आणि महिन्याला अशा २४ सेटिंग म्हणजे १६,२००. चार हजारांचा लॉट सलग काढता आला असता तर सहाच सेटिंग लागल्या असत्या, खर्च ४,०५० वर आला असता. महिन्याचे १२,१५० रुपये जमिनीवर सांडत होते आणि आम्ही दोघं पैशा-पैशावरून भांडत होतो.

मी हे का बोललो नाही? कारण सेटिंगचा हिशेब सांगितला की साहेब कागद काढून "म्हणजे नगामागे पन्नास पैसे वाचतील, ते आम्हाला द्या" म्हणणार, याची भीती. भीती चुकीची नव्हती. पहिल्या पोत्यातली माहितीही गुणाकार करून दुसऱ्या पोत्यापर्यंत पोचते. म्हणून काय सांगायचं याइतकंच किती सांगायचं, तेही ठरवावं लागतं.

शेवटी मी आकड्याशिवाय बोललो. "साहेब, रोज डाय बदलण्यात माझा वेळ जातो. आठवड्याचं शेड्यूल आधी मिळालं तर रेटमध्ये काहीतरी बघता येईल. तुमच्याकडे रोजच का ठरतं?" आणि थांबलो. माझा एक तुकडा टाकला की समोरून एक तुकडा येईपर्यंत मी दुसरा टाकत नाही. आला नाही, किंवा माझाच तुकडा माझ्यावर उगारला गेला, तर तिथंच पोतं बांधायचं. गेला तो एकच तुकडा.

तुकडा आला. आठवड्याची मागणी त्यांना ठाऊक असायची, पण स्टोअरमध्ये जागा नव्हती, म्हणून ते माल रोज मागवत. लाइन थांबण्याची धास्ती मात्र कायम. त्यांना रोज हवी होती ती डिलिव्हरी. उत्पादन रोज करा असं कुणीच म्हटलं नव्हतं. चार हजार नग मी एकदम काढायचे, माझ्याच गाळ्यात ठेवायचे आणि रोज हजार पाठवायचे. मला सलग लॉट मिळाला, त्यांना फुकटात राखीव साठा. माल पडून राहण्याचा माझा खर्च महिन्याला पाचशेच्या आत.

आता वाटणीचा प्रश्न. इथं मी एक आकडा न ठेवता दोन प्रस्ताव एकत्र ठेवले. पहिला: आठवड्याचं शेड्यूल, पेमेंट ६० दिवसांनीच, रेट १८.३०. दुसरा: आठवड्याचं शेड्यूल, पेमेंट ३० दिवसांत, रेट १८.१०. मला दोन्ही जवळजवळ सारखेच होते. महिन्याचं बिल साडेचार लाखांच्या आसपास, बँकेच्या माझ्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज १२ टक्के, म्हणजे तीस दिवस आधी पैसे आले की साधारण ४,४०० वाचतात. आणि वीस पैसे जादा सोडले की ४,८०० जातात.

साहेबांनी दुसऱ्यावर बोट ठेवायला अर्धा मिनिटही घेतला नाही. त्यांना पैसा माझ्यापेक्षा स्वस्त पडतो, हे त्यांनी न सांगता मला कळलं, आणि माझं व्याज किती ते त्यांना कळलं नाही. पाच पैसे आणखी ओढून १८.०५ ला सही झाली. नगामागे पंचेचाळीस पैसे सोडूनही महिन्याला पाच हजारांच्या वर माझ्याकडे जादा राहिले. प्रेसचे सत्तावीस तास मोकळे झाले ते वेगळेच.

पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मग पहिल्याच दिवशी दोन प्रस्ताव टाकून मोकळं व्हायचं ना." या पोरांना शॉर्टकट तेवढा दिसतो. आपली सेटिंग, आपलं व्याज, आपला लॉट यांचा हिशेब घरी मांडलेला नसेल तर दोन सारखे प्रस्ताव आणणार कुठून? त्यानं अंदाजानं दोन टाकले, गिऱ्हाइकानं नेमका तोट्याचा उचलला.

बाकीच्या, थोडक्यात

खोटं बोलणं. "दुसरीकडून जास्त रेट मिळतोय" असं एका पोरानं ठोकलं. साहेब म्हणाले, "मग त्यांनाच द्या." विषय संपला. सांगायचं नसेल तर सांगू नका, पण बनवू नका.

आधी रेट मिटवायचा आणि पेमेंट, लॉट नंतर बघू म्हणायचं. रेट बंद झाला की बदल्यात द्यायला हातात काही उरत नाही.

आपली घाई दाखवणं. "महिनाअखेरीच्या आत पीओ द्या" म्हणालात की पीओ, म्हणजे खरेदीचा लेखी आदेश, अखेरच्या दिवशीच येतो, आणि त्याच्या आदल्या रात्री फोन.

समोरच्यानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या वरिष्ठासमोर वापरणं. पुढच्या वेळी तिथून फक्त आकडे येतील.

आणि सही झाल्यावर गप्प होणं

ही चूक जवळजवळ सगळे करतात. पीओ हातात आला की पेढे वाटून मोकळे. खरं तर मोकळं बोलायला याहून सुरक्षित वेळ नाही, कारण रेट कागदावर आहे आणि नवं काही जमलं नाही तर जुना करार आहे तसाच राहतो. हॉवर्ड राइफा नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी करारानंतर पुन्हा एकदा बसून दोघांना अधिक फायद्याचं काही निघतं का ते पाहा, असं सुचवलं होतं. मी ते चहावर करतो.

त्या ब्रॅकेटच्या पीओनंतर आठवड्यानं गेलो आणि साहेबांना विचारलं, "आमच्या मालाचा तुम्हाला त्रास कशाचा होतो?" ते मला स्टोअरच्या मागे घेऊन गेले. माझ्याच पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग होता आणि एक माणूस बसून ती फाडत होता. एका खोक्यात शंभर नग, खोकं २२ रुपयांचं, महिन्याला २४० खोकी. पाच हजारांवर रुपये मी पुठ्ठ्यात घालत होतो आणि तो फाडायला ते माणूस ठेवत होते. साठ प्लॅस्टिकचे क्रेट घेतले, २१ हजार गेले, चार महिन्यांत वसूल झाले. माझा टेम्पो रोज भरलेले क्रेट टाकून रिकामे घेऊन येतो. क्रेटचा विषय त्या तीन महिन्यांच्या रस्सीखेचीत एकदाही निघाला नव्हता.