बारा नाण्यांतले वेगळे नाणे तीनदा तोलून कसे शोधावे

बारा नाणी दिसायला सारखी आहेत, पण एकाचे वजन वेगळे आहे. ते जड आहे की हलके, हे मात्र माहीत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. हाताशी फक्त दोन पारड्यांचा तराजू आहे, वजने नाहीत.

आधी नाण्यांवर १ ते १२ आकडे टाका. कागदावर सोडवतानाही हे करा, नाहीतर दुसऱ्या खेपेनंतर कुठले नाणे कुठे होते याचा हमखास घोळ होतो.

पहिली खेप. डावीकडे १, २, ३, ४ आणि उजवीकडे ५, ६, ७, ८ ठेवा. बहुतेकांचा हात आधी सहा-सहा ठेवायला जातो. पण एका खेपेत तीनच गोष्टी घडू शकतात: डावे पारडे खाली, उजवे खाली किंवा दोन्ही समतोल. म्हणून उरलेल्या दोन खेपांत जास्तीत जास्त ९ शक्यता निवडता येतात. सहा-सहा ठेवली तर १२ शक्यता उरतात. तीन-तीन ठेवून तराजू समतोल राहिला, तर बाजूच्या सहा नाण्यांपैकी प्रत्येक जड किंवा हलके असू शकते, म्हणजे पुन्हा १२. चार-चार ठेवली की काहीही झाले तरी ८ उरतात.

समतोल राहिला तर काम सोपे. पहिली आठ नाणी खरी ठरली. आता ९, १०, ११ विरुद्ध १, २, ३ तोला. पुन्हा समतोल आला तर १२ वेगळे. ते १ शी तोलले की जड-हलकेही कळेल. ९, १०, ११ चे पारडे खाली गेले तर त्यांतले एक जड आहे. मग ९ आणि १० तोला: जे खाली जाईल ते, समतोल असेल तर ११. पारडे वर गेले तर हेच उलटे.

पारडे झुकले तर डोके लागते. समजा, डावे खाली गेले. म्हणजे १ ते ४ पैकी एक जड किंवा ५ ते ८ पैकी एक हलके; ९ ते १२ खरी. आता काही नाणी बाजूला काढायची आणि काहींची पारडी बदलायची. डावीकडे १, २, ५ आणि उजवीकडे ३, ६, ९ ठेवा. ४, ७, ८ बाजूला.

डावे पुन्हा खाली गेले, तर १ किंवा २ जड, नाहीतर ६ हलके. १ आणि २ तोला: खाली जाईल ते जड, समतोल असेल तर ६.

उजवे खाली गेले, तर दोष पारडे बदललेल्या नाण्यांत आहे: ३ जड किंवा ५ हलके. ३ ला ९ शी तोला. समतोल असेल तर ५.

समतोल आला, तर ४ जड किंवा ७, ८ पैकी एक हलके. ७ आणि ८ तोला: वर जाईल ते हलके, समतोल असेल तर ४.

पहिल्या खेपेत उजवे खाली गेले असेल, तर नाणी तशीच ठेवा, फक्त 'जड' आणि 'हलके', 'खाली' आणि 'वर' यांची अदलाबदल करून वाचा.