फोटोवरून मायक्रोवेव्ह ओळखून त्याची काचेची प्लेट कशी शोधावी

मायक्रोवेव्हची काचेची प्लेट फुटली की बहुतेक जण ओव्हनचा समोरून एक फोटो काढतात आणि तो दुकानदाराला पाठवून "याची प्लेट मिळेल का?" असे विचारतात. त्या एका फोटोवरून खात्रीचे उत्तर देणे कोणालाही कठीण असते. एकाच कंपनीचे २० आणि २८ लिटरचे ओव्हन फोटोत सारखेच दिसू शकतात. शिवाय मिडिया किंवा गॅलांझसारख्या चिनी उत्पादकांचे ओव्हन निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाने विकले जातात, त्यामुळे दारावरचे नाव हा पक्का पुरावा ठरत नाही. गुगल लेन्सवर फोटो टाकला तरी हीच अडचण येते, कारण ते बाह्य रूप जुळवते आणि प्लेटचे माप बाह्य रूपात दिसत नाही. म्हणून फोटो काढायचे ते समोरच्या भागाचे नव्हे, तर लेबलचे, ओव्हनच्या आतल्या तळाचे आणि प्लेटच्या खालच्या बाजूचे.

सुरुवात लेबलपासून करावी. प्लग काढून ओव्हन थोडा पुढे ओढावा. माहितीचे लेबल बहुधा मागच्या बाजूला असते, काही ओव्हनमध्ये ते दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला दिसते. ओव्हन कपाटात घट्ट बसवलेला असेल तर मागच्या फटीत फोन धरून व्हिडिओ काढावा आणि त्यातले स्पष्ट दृश्य थांबवून वाचावे. चंदेरी लेबलवर फ्लॅशचा पांढरा डाग उमटतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवून बाजूने टॉर्च मारावा. पुसट झालेली अक्षरेही अशा तिरप्या उजेडात पुष्कळदा उठून दिसतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, कारण साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो आणि 8 चा B होतो.

लेबलवर बरेच आकडे असतात आणि चुकीचा आकडा उचलला जाणे अगदी सहज घडते. 2450 MHz ही सूक्ष्मलहरींची वारंवारता असून ती घरोघरच्या मायक्रोवेव्हवर सारखीच छापलेली असते, 800 W ही शक्ती असते आणि S/N पुढचा लांबलचक आकडा फक्त तुमच्या एका नगाचा असतो. आपल्याला हवा तो मॉडेल क्रमांक. उदाहरणार्थ, एलजीच्या MC2846SL मध्ये MC म्हणजे कन्व्हेक्शन आणि 28 म्हणजे लिटर. सॅमसंगच्या भारतातील मॉडेलांच्या शेवटी बऱ्याचदा /TL किंवा /XTL असते. शेवटची अक्षरे बहुधा रंगाची किंवा बाजारपेठेची असतात. तेव्हा पूर्ण क्रमांकाने काही सापडले नाही तर ती वगळून शोधावे, मात्र सुरुवातीची अक्षरे आणि आकडे तसेच ठेवावेत.

लेबल निघून गेले असेल तर मापावर यावे लागते, आणि खरे तर लेबल असले तरीही माप घ्यावेच. लिटर म्हणजे पोकळीचे आकारमान, प्लेटचा व्यास नव्हे. बाजारात २४५, २५५, २७०, २८८, ३१५ मिलिमीटर अशा व्यासांच्या प्लेट मिळतात. २४५ आणि २५५ यांत फरक जेमतेम एक सेंटिमीटरचा आहे, पण मोठी प्लेट दाराला घासते.

एक उदाहरण घेऊ. ओव्हन लहान, लेबल पूर्ण पुसलेले, प्लेटचे तुकडे झालेले. कडेचा सर्वांत मोठा तुकडा हातमोजे घालून कागदावर ठेवावा आणि बाहेरच्या कडेची रेष पेन्सिलने आखावी. त्या कमानीवरची दोन टोके सरळ रेषेने जोडावीत. समजा, ही रेष १६० मिमी भरली आणि तिच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची ३० मिमी भरली. आता रेषेच्या लांबीचा वर्ग आठपट उंचीने भागावा आणि त्यात उंचीचा निम्मा भाग मिळवावा: २५,६०० भागिले २४० म्हणजे सुमारे १०६.७, अधिक १५, म्हणजे त्रिज्या १२१.७ आणि व्यास साधारण २४३ मिमी. उंची मोजताना एक मिलिमीटर चुकला तरी व्यास सहा मिलिमीटरने बदलतो, त्यामुळे तुकडा जितका मोठा तितके उत्तर भरवशाचे. इथे ताळा करण्यासाठी ओव्हनच्या तळाच्या मध्यापासून बंद दारापर्यंतचे आणि भिंतींपर्यंतचे अंतर मोजावे. सर्वांत कमी अंतर १२८ मिमी भरले तर २५६ मिमीपेक्षा मोठी प्लेट फिरूच शकणार नाही, आणि २५५ ची प्लेट जवळजवळ टेकेल. म्हणजे हवी ती २४५ मिमीचीच.

ओव्हन गावी आईवडिलांकडे आणि प्लेट मागवणारे तुम्ही पुण्यात किंवा परदेशात, अशीही स्थिती असते. तडा गेलेली पण अखंड प्लेट टेबलावर ठेवून तिच्या शेजारी, तिच्या कडेच्याच उंचीवर, एटीएम कार्डाच्या मापाचे एखादे जुने मेट्रो कार्ड ठेवायला सांगावे. अशा कार्डाची लांबी ८५.६ मिमी असते. फोन बरोबर वरून, पुरेसा उंच धरून आणि थोडा झूम करून फोटो काढावा, कारण अगदी जवळून काढलेल्या फोटोत आकार बिघडतात. फोटोत कार्ड ६४० पिक्सेल आणि प्लेट १,८३५ पिक्सेल असेल तर गुणोत्तर २.८७ येते आणि व्यास सुमारे २४५ मिमी निघतो. फोटोतली प्लेट लंबवर्तुळाकार दिसत असेल तर फोन तिरपा होता हे समजावे आणि फोटो पुन्हा मागवावा.

व्यास जुळला तरी काम अर्धेच झाले. तळाच्या मध्यभागी प्लॅस्टिकचा कपलर असतो, अनेक ओव्हनमध्ये तीन पाकळ्यांचा. प्लेटच्या खाली काचेचे तीन उंचवटे असतात, ते या पाकळ्यांच्या मधे बसतात आणि त्यामुळेच मोटर प्लेट फिरवू शकते. काही ओव्हनमधली रचना वेगळी असते, म्हणून कपलरचा वरून आणि प्लेटच्या मध्याचा खालून असे दोन फोटो विक्रेत्याच्या फोटोंशी ताडून पाहावेत. विक्रेत्याने फक्त वरचा फोटो दिला असेल तर खालचा मागावा. तो न देणाऱ्याकडून मी तरी प्लेट घेणार नाही. चाके असलेली रिंगही प्लेटखालच्या गोल कडेच्या आत मोकळी राहिली पाहिजे.

प्लेट आल्यावर वीज बंद ठेवून ती बसवावी आणि रिंग व दार तपासावे. उंचवटे पाकळ्यांवर चढले असतील तर प्लेट एका बाजूला तिरकी दिसते आणि हलवल्यावर खडखडते. मग कपभर पाणी ठेवून एक मिनिट चालवावे. प्लेट एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरली तर ती सदोष नाही. पुष्कळ ओव्हनमधली मोटर दर वेळी कोणत्याही दिशेने सुरू होते. प्लेट अडखळली, घासली किंवा जागेवरच थरथरली, तर मात्र ती परत करावी.

एअर फ्रायरच्या बाबतीत हीच शिस्त थोडक्यात पुरते. लेबल बहुधा तळाशी असते (फिलिप्सच्या अनेक मॉडेलांचे क्रमांक HD92 पासून सुरू होतात), पण जाळी किंवा बास्केटसाठी लिटरच्या आकड्यापेक्षा आतल्या पॅनची लांबी, रुंदी आणि कोपऱ्यांची गोलाई महत्त्वाची असते. ती मोजून, पॅनचा वरून सरळ फोटो काढून मगच मागवावे.