सुकं पान ओल्या डब्यात का जातं?

तिसरीसाठी मी कचऱ्याची पहिली वर्कशीट केली तेव्हा काम सोपं वाटलं होतं. बारा चित्रं, दोन डबे, रेघ ओढून जोड्या लावा. एकवीस मुलांपैकी सतरा जणांनी सुकं पान सुक्या डब्याला जोडलं आणि दुधाची पिशवी ओल्या डब्याला. मी लाल पेनाने फुल्या मारून मोकळी झाले. एक मुलगी कागद घेऊन टेबलाशी आली. "बाई, पान तर कुरकुरीत सुकंय. मग चूक कसं?" मी म्हटलं, "पुस्तकात तसंच आहे." त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

नव्याने वर्कशीट करणाऱ्यांनो, इथेच पाय घसरतो. 'ओला' आणि 'सुका' हे आपल्यासाठी कचऱ्याचे प्रकार आहेत, पण आठ वर्षांच्या मुलासाठी ते फक्त हाताला लागणारे शब्द आहेत. मुलं मराठी बरोबर वाचत होती, चूक माझ्या प्रश्नात होती. वाळकं पान, अंड्याचं टरफल, शेंगांची फोलपटं हाताला कोरडी लागतात, पण जातात ओल्यात. दुधाची पिशवी आतून ओली असते, पण ती जाते सुक्यात.

मग मी 'कुजतं ते ओलं' असं सांगून पाहिलं, तर तेही अडकलं. वर्तमानपत्रही कुजतं! ते सुक्यात जातं, कारण रद्दीवाला ते घेतो आणि त्याचा पुन्हा कागद होतो. तोच कागद भज्यांच्या तेलाने माखला की रद्दीत चालत नाही, म्हणून तो ओल्यात जातो. शेवटी आमच्या गावच्या भाषेत दोन प्रश्न ठरले आणि आता ते वर्कशीटच्या डोक्यावर छापते:

"हे उकिरड्यात टाकलं तर त्याचं खत होईल का? की भंगारवाला, रद्दीवाला घेऊन त्याचं पुन्हा काही बनेल?"

पिशवीसाठी एक ओळ जास्तीची: "आधी विसळ, वाळव, मग सुक्यात टाक." कुरकुऱ्यांचं पाकीट भंगारवाला घेत नाही, हे मुलंच सांगतील. त्यांना सांगा, खत होत नाही म्हणून ते सुक्यातच. सेल, फुटकी ट्यूबलाइट आणि जुनी औषधं यांना तिसरा, वेगळा चौकोन द्या आणि शेजारी लिहा, "हात लावू नको, मोठ्यांना सांग." हा चौकोन नसला की मूल सेल सुक्यात टाकतं, आणि त्याला दोष देता येत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या तयार पीडीएफ सरळ वाटू नका. माझं मत कडू आहे, पण त्या बनवणाऱ्याने बहुतेक वेळा स्वतः सोडवून पाहिलेल्या नसतात. मी एक वाटली होती. हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा. झेरॉक्स काढल्यावर दोन्ही राखाडी. मुलं विचारत बसली, "बाई, हिरवा कुठला?" डब्यावर सालाचं आणि बाटलीचं चित्र काढा, रंगावर विसंबू नका.

झाडं आणि प्राणी यांच्या वर्कशीट एवढं छळत नाहीत, फक्त एका तक्त्यात एकच कसोटी ठेवा. 'पाळीव, जंगली, पाण्यातले' असे तीन रकाने केलेत की मासा दोन ठिकाणी बसतो आणि बेडूक तर कुठेच धड बसत नाही. 'कुठे राहतो?' विचारायचं तर बेडकासाठी 'दोन्हीकडे' हा रकाना हवाच. झाडांत वृक्ष, झुडूप, वेल यांसाठी आंबा, जास्वंद, कारलं पुरे. केळ टाळा. ती उंच असते, पण तिला लाकडी खोड नसतं, पानांच्या देठांचे रुंद तळ एकावर एक गुंडाळून तो सोट झालेला असतो. सांगायचंच असेल तर केळीचा सोट सोलून दाखवा, कागदावर ते कळत नाही.

घाबरू नका, पहिली वर्कशीट सगळ्यांचीच फसते. एका जुन्या बाईंनी मला शिकवलं ते करा: उत्तरं आधी लिहा आणि प्रत्येकापुढे 'कारण' एका वाक्यात लिहा. कारण लिहिता आलं नाही तर ते चित्र काढून टाका. माझ्या बारांतली चार गेली.

त्या मुलीसाठी मी नंतर एका कुंडीत ओलसर माती भरून वाळकं पान, केळीचं साल आणि पिशवीचा तुकडा पुरला. चार आठवडे माती ओली ठेवली. उकरलं तेव्हा साल हाती लागलं नाही, पान काळं पडून जाळीदार झालं होतं, पिशवीवरची अक्षरं अजून वाचता येत होती. तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि मी मारलेल्या फुलीपुढे 'ही बरोबर' अशी खूण केली. मग विचारलं, "बाई, गोणपाट कशात?" त्याचा तुकडा आता कुंडीत आहे.